अंगठा देण्याआधी : घराचा करार समजावून सांगताना

(कार्यकर्ते व हितचिंतक यांच्या बैठकीतील भाषण)



पाड्यावरून शिकायला किंवा कामाला शहरात आलेल्या मुलामुलींना खोली शोधून देण्याचे काम तुमच्यापैकी पुष्कळजण करता. खोली मिळते, मालक भला असतो, आणि मग एजंट आठ-दहा पानांचा कागद समोर ठेवतो. मुलाला तो वाचता येत नाही, किंवा वाचता येतो पण उमगत नाही. तो तुमच्याकडे बघतो. अशा वेळी तुम्ही त्याला काय सांगता, यावर मी आज बोलणार आहे. मी वकिली करतो आणि असे करार समजावून सांगायला बसण्याची वेळ माझ्यावर वारंवार येते.

एक गोष्ट आधी सांगतो. करार सोपा करून सांगणे वेगळे आणि गोड करून सांगणे वेगळे. “काही नाही रे, नेहमीचंच लिहिलंय, भाडं वेळेवर दे म्हणजे झालं,” असे आपण प्रेमाने म्हणतो. पण मुलाच्या लक्षात आपले वाक्य राहते आणि त्याला बांधतो तो कागद. आपल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मध्ये असे आहे की लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. मालक जिन्यात काय म्हणाला, एजंटने हसून काय कबूल केले, हे तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून आपले साधे बोलणे आणि कागदावरचा अर्थ यांत अंतर राहता कामा नये.

हे अंतर राहू नये म्हणून मी प्रत्येक कलमाला चार प्रश्न विचारतो. करायचे कोणी? करायचे काय? कधीपर्यंत? आणि नाही केले तर काय? वाक्य कितीही सोपे करा, पण या चारांपैकी एकही गळू देऊ नका. गळले की अर्थ बदललाच म्हणून समजा.

आता एक उदाहरण घेऊ. सुरगाणा तालुक्यातला एक मुलगा नाशिकला अंबडच्या कारखान्यात कामाला लागला. त्याच्या घराण्यात कोणी कधी भाड्याने राहिलेले नव्हते. खोलीचे भाडे महिना ६,५०० रुपये, डिपॉझिट २०,००० रुपये, मुदत अकरा महिने, १ जुलैपासून ३१ मेपर्यंत. त्याच्यासोबत बसून मी जी कलमे सोडवली, त्यातली चार तुम्हाला सांगतो.

पहिले कलम असे होते : “सदर करारान्वये लायसन्सी यांस मिळकतीत कोणताही हक्क, हितसंबंध अगर भाडेकरूचे अधिकार प्राप्त होणार नाहीत.”

मुलाने विचारले, “सर, लायसन्सी म्हणजे कोण?”

मी म्हणालो, “तू. आणि लायसन्सर म्हणजे मालक.”

हे दोन शब्द मी बदलत नाही. त्यांना सोपा पर्याय शोधत बसलो तर मुलगा तो पर्याय लक्षात ठेवील, आणि उद्या दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा पोलिस ठाण्यात कोणी “लायसन्सी कोण?” म्हणून विचारले की गोंधळेल. मूळ शब्द तसाच ठेवायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा, हे बरे.

अर्थ मी असा सांगितला : “मालकाने तुला घर दिलेलं नाही. घरात राहायची परवानगी दिली आहे, तीसुद्धा ठरलेल्या दिवसापर्यंत. लायसन्स म्हणजे परवानगी. तू अकरा महिने राहा किंवा मुदत वाढवून तीन वर्षं राहा, घरावर तुझा हक्क बसत नाही. पण परवानगी आहे तोवर तू तिथे चोरून राहत नाहीस, करारातल्या अटींप्रमाणे राहतोस.”

आपण बोलताना सर्रास “घर भाड्याने दिले” म्हणतो. रोजच्या बोलण्यात ते चालते, पण हे कलम समजावताना चालत नाही. कायद्यात भाडेपट्टा वेगळा आणि लायसन्स वेगळे. भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. लायसन्सने होत नाही, नुसती वापराची मुभा मिळते. मुलाला ही दोन नावे पाठ नकोत. “घर दिले” आणि “राहू दिले” एवढा फरक त्याच्या ध्यानात आला की पुरे.

दुसरे कलम मुलांच्या खिशाला सर्वांत जास्त झोंबते. त्याला लॉक-इन म्हणतात. कागदावर होते : “पहिले सहा महिने लॉक-इन कालावधी राहील. सदर कालावधीत कोणत्याही पक्षास करार संपुष्टात आणता येणार नाही. लायसन्सी यांनी तत्पूर्वी जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे भाडे देणे त्यांचेवर बंधनकारक राहील. तदनंतर कोणत्याही पक्षास एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल.”

एजंटने त्याला आधीच सोपे करून सांगितले होते : “सहा महिने सोडायचं नाही.” आता आपले चार प्रश्न लावून बघा. कोणी? कागदात “कोणत्याही पक्षास” आहे, म्हणजे मालकालाही सहा महिन्यांत करार मोडता येत नाही. एजंटच्या वाक्यात मालक गळला. मुलाच्या बाजूची निम्मी गोष्ट तिथेच गेली. काही करारांत मात्र हे बंधन फक्त लायसन्सीवर असते. म्हणून हा शब्द बोट ठेवून वाचायचा, अंदाजाने सांगायचा नाही.

नाही केले तर काय? “सोडायचं नाही” ऐकून त्या मुलाला वाटले होते की सोडले तर पोलिस येतील. तसे नाही. सोडता येते, पण त्याचा हिशोब पैशात होतो. मी त्याला म्हणालो, “सहा महिन्यांच्या आत गेलास तर ३१ डिसेंबरपर्यंतचं उरलेलं भाडं मालक तुझ्याकडे मागू शकतो.” वाद कोर्टात गेला तर भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मिळते आणि करारात लिहिलेल्या रकमेपेक्षा ती जास्त नसते. पण मालकाच्या हातात डिपॉझिट आधीच असते आणि ६,५०० रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोणी चढत नाही. म्हणून हे मी मुलाला भरवशाचे म्हणून सांगत नाही.

मग मी त्याला विचारले, “दिवाळीत गावाकडे गेलास, तिकडेच काम लागलं, आणि १० नोव्हेंबरला खोली सोडलीस. नोव्हेंबरचं भाडं भरलेलं आहे. तुझे आणखी किती जातील?”

तो बोटे मोजून म्हणाला, “डिसेंबरचे. साडेसहा हजार.”

बरोबर. “समजलं का?” असे विचारू नका, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. आपली मुले मोठ्या माणसाला “नाही” म्हणत नाहीत. तुम्ही काहीही विचारा, मान हलणार. त्याऐवजी एक तारीख आणि एक प्रसंग द्या आणि हिशोब त्याला करू द्या. आकडा चुकला तर कुठला शब्द कळला नाही ते लगेच सापडते.

या कलमात अजून एक खाच होती. शेवटचे वाक्य “तदनंतर” या शब्दाने सुरू होते. त्याला जर सहा महिने पुरे करून १ जानेवारीला खोली सोडायची असेल तर नोटीस कधी द्यायची? नोव्हेंबरअखेर दिली तर चालेल का? की नोटीसही सहा महिने उलटल्यावरच द्यायची, म्हणजे जानेवारीचे भाडे भरून ३१ जानेवारीला निघायचे? “तदनंतर” हा शब्द नोटिशीला लावायचा की करार संपण्याला, हे वाक्यातून स्पष्ट होत नाही. दोन अर्थ निघतात आणि त्यांत ६,५०० रुपयांचे अंतर आहे.

इथे समजावणाऱ्याची कसोटी लागते. मुलाच्या सोयीचा अर्थ सांगावा असा मोह होतो. पण कागद दोन तोंडांनी बोलत असेल तर मुलालाही तसेच सांगायला हवे : “इथे स्पष्ट नाही. मालकाला विचारून लिहून घेऊ.” आम्ही विचारले. मालक म्हणाले, “नोटीस आधी दिली तरी माझी हरकत नाही.” मग कागदात एक वाक्य वाढवले : “नोटीस लॉक-इन कालावधीतही देता येईल, मात्र करार ३१ डिसेंबरपूर्वी संपुष्टात येणार नाही.” मालक नुसते “हो” म्हणाले म्हणून मी थांबलो नाही. तुम्हीही थांबू नका. आणि नोटीस “लेखी” म्हटले आहे तर फोनवर सांगून भागत नाही. कागदाच्या दोन प्रती करायच्या, एकीवर मालकाची पोचल्याची सही तारखेसह घ्यायची आणि ती मुलाने जपून ठेवायची.

तिसरे कलम डिपॉझिटचे : “जागेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा परत दिल्यावर, थकीत देणी व नुकसानीची रक्कम वजा जाता, अनामत रक्कम बिनव्याजी परत करण्यात येईल. नियमित वापराने होणारी झीज नुकसानीत धरली जाणार नाही.”

याचे “डिपॉझिट परत मिळतं” असे सोपे रूप केले तर ते अर्धे खरे आहे. मी त्याला म्हणालो, “चावी आणि खोली मालकाच्या हातात दिलीस की मिळेल. त्याआधी नाही. त्यातून वीजबिल, राहिलेलं भाडं आणि तुझ्या हातून मोडलेलं काही असेल तर त्याचे पैसे कापले जातील. व्याज मिळणार नाही.”

मग झीज कोणती आणि नुकसान कोणते, हे त्या खोलीतच दाखवले. भिंतीचा रंग उन्हाने फिका पडला, नळाचा वायसर झिजला, ही झीज. खिडकीची काच फुटली, बेसिनला तडा गेला, हे नुकसान. समजा निघताना वीजबिलाचे ७४० रुपये राहिले आणि एका काचेचे ६०० झाले. २०,००० मधून १,३४० गेले, १८,६६० परत मिळाले पाहिजेत. मालक रंगाचे ३,००० कापतो म्हणाला तर? करारात रंगाचा खर्च लायसन्सीने द्यायचा असे वेगळे लिहिले असेल तर द्यावा लागेल. लिहिले नसेल आणि रंग नुसत्या वापराने उतरला असेल तर या कलमाप्रमाणे तो कापता येत नाही. म्हणून “रंगकाम” हा शब्द करारात कुठे आहे का, ते राहायला जाण्याआधी शोधायचे. पहिल्याच दिवशी खोलीचे फोटो काढून मालकाला मोबाईलवर पाठवायचे, म्हणजे आधीच तडा असलेल्या बेसिनचे पैसे मुलाच्या माथी येत नाहीत.

याच कलमावरून मुले एक समजूत करून घेतात की शेवटच्या महिन्याचे भाडे द्यायला नको, डिपॉझिटमधून वळते होईल. या करारात तसे कुठेही नव्हते. मालकाची संमती नसताना भाडे थांबवले तर तो भाडे थकवणाराच ठरतो. परवानगी हवी असेल तर मालकाकडून लिहून घ्यावी.

आणि “कधीपर्यंत” या प्रश्नाचे उत्तर इथे नीट मिळत नव्हते. “ताबा दिल्यावर” म्हणजे त्याच दिवशी की महिन्याने? नव्या खोलीचे डिपॉझिट त्याच पैशातून भरायचे असते, तेव्हा हा प्रश्न लहान नाही. मालक सात दिवसांना कबूल झाले आणि “ताबा दिल्यापासून सात दिवसांचे आत” असे शब्द घातले.

चौथे कलम मुदत संपण्याचे. यात सौम्य करून सांगण्याचा मोह सर्वांत जास्त आणि धोकाही जास्त. “अकरा महिने झाले की पुन्हा करू, त्यात काय!” असे सगळेच म्हणतात. होतेही तसे पुष्कळदा. पण नूतनीकरण दोघांच्या संमतीने होते, आपोआप होत नाही. ३१ मे उलटला आणि नवा करार झाला नाही, तर परवानगी संपली. मालकाने घर मागितल्यावरही लायसन्सी राहत राहिला, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर रिकामे न करणाऱ्यावर, सक्षम प्राधिकाऱ्याने ते ताब्यात घेईपर्यंत, दुप्पट दराने नुकसानभरपाईची जबाबदारी येते. त्या मुलाच्या हिशोबाने महिना १३,००० रुपये. त्याचा बाराएक हजारांचा पगार लक्षात घ्या, म्हणजे हे वाक्य गाळणे म्हणजे काय ते कळेल.

पण याच कलमाची दुसरी बाजूही सांगायची. कायद्याने मालकाला जो रस्ता दिला आहे तो अर्जाचा आहे. सामान जिन्यात काढून कुलूप लावण्याचा नाही. तोही भाग मुलाला ठाऊक हवा. मी त्याला एवढेच सांगितले, “एप्रिल संपायच्या आत मालकाला विचार, पुढे ठेवणार का. हो म्हणाले तर ३१ मेच्या आत नवा करार. नाही म्हणाले तर दुसरी खोली बघायला महिना हातात राहील.”

ही चार कलमे झाली. आता नोंदणीविषयी थोडे, कारण अकरा महिन्यांबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे एजंटही सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असायलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि न केल्यास शिक्षा होते ती त्यालाच : तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी नोंदलेला करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुलाला याचा अर्थ एवढाच सांगायचा की नोंदणी मागणे हा हट्ट नव्हे, आणि नोंदलेल्या कराराची प्रत आपल्याजवळ असली पाहिजे.

नोंदणी हल्ली बहुतेक ऑनलाइन होते. एजंट यंत्र घेऊन खोलीवरच येतो, आधार क्रमांक टाकतो आणि अंगठा ठेवायला सांगतो. मुलांना वाटते, रेशन दुकानात ठेवतो तसाच हा अंगठा. तसे नाही. त्या यंत्रावरचा अंगठा ही संपूर्ण करारावरची सही आहे. नंतर एक शब्द जरी बदलायचा तर दोघांनी मिळून नवा दस्त करावा लागतो. म्हणून कराराचा मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या. वाचन, प्रश्न आणि दुरुस्त्या अंगठ्याच्या आधी. दुरुस्ती केलेला कागद पुन्हा एकदा वाचा, कारण सांगितलेली दुरुस्ती टाइप करायची राहूनही जाते.

तुमच्यापैकी कोणी साक्षीदार म्हणून सही करता, त्यांच्यासाठी एक सूचना. साक्षीदार म्हणजे “यांनी माझ्यासमोर सही केली” एवढे सांगणारा. त्यामुळे भाड्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. पण तुमच्या नावापुढे “जामीनदार” किंवा “हमीदार” लिहिले असेल तर मात्र येते. आपल्या नावापुढचा शब्द वाचून मगच सही करा.

शेवटी एक सोपी रीत सांगतो. करार समजावल्यावर मी एका कोऱ्या कागदावर मुलाच्याच शब्दांत चार-पाच ओळी त्याच्याच हाताने लिहून घेतो. त्या मुलाने लिहिले : “३१ डिसेंबरच्या आत सोडलं तर तोपर्यंतचं भाडं. नोटीस एक महिना आधी, कागदावर. चावी दिल्यावर सात दिवसांत डिपॉझिट, बिल कापून. ३१ मेला परवानगी संपते, एप्रिलमध्ये विचारायचं.” खाली मी लिहिले : “ही फक्त आठवण आहे. खरा शब्द कराराचा.” तो कागद त्याने कराराच्या प्रतीला टाचून ठेवला. त्याच्या ओळी मूळ कलमांशेजारी ठेवून पुन्हा ताडून बघा. कोणी, काय, कधीपर्यंत, नाही तर काय, हे सगळे त्यात उतरले असेल तर करार त्याला समजला. एखादी गोष्ट उतरली नसेल तर त्याच कलमाशी पुन्हा बसा, आणि तोवर यंत्र बाजूला राहू द्या.